‘संशयित दूध नाकारावे’, पण कोणी? प्रशिक्षणाच्या स्लाइड्सवरून एसओपी लिहिताना

दूध संकलन केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं, तर जवळपास प्रत्येक दूध संघाकडे स्लाइड्सचा एक संच तयार असतो. त्यातली एक स्लाइड साधारण अशी असते: ‘दूध स्वीकृती. वास व रंग तपासावा. तापमान नोंदवावे. अल्कोहोल व सीओबी चाचणी घ्यावी. संशयित दूध नाकारावे. त्वरित शीतकरण करावे.’ बाजूला पांढऱ्या टोपीतल्या माणसाचा फोटो.

मग एके दिवशी ऑडिट येतं, किंवा टँकर मुख्य डेअरीतून परत पाठवला जातो, आणि वरून निरोप येतो की याची एसओपी, म्हणजे कामाची ठरलेली लेखी पद्धत, तयार करा. बहुतेक वेळा कोणीतरी स्लाइडवरचे मुद्दे वर्डमध्ये उतरवतं, त्यांना १, २, ३ असे आकडे देतं, वर संघाचं बोधचिन्ह लावतं आणि कागद फाइलमध्ये जातो. केंद्रावर मात्र काहीच बदलत नाही, कारण त्या सहा ओळींत कामाचा निम्मा भाग नाहीच. तो प्रशिक्षक तोंडी सांगत असतो. चाचणी प्रत्येक कॅनची घ्यायची की फक्त शंका आली तर? दूध नाकारायचं कोणी? समोरचा उत्पादक सोसायटीच्या चेअरमनचा सख्खा भाऊ असला तरीही? ‘त्वरित’ म्हणजे किती वेळात? एसओपी लिहिणाऱ्याला या प्रश्नांची उत्तरं मिळवायची असतात. ती मिळाली की उरतं ते टंकलेखन.

इथे सगळ्या संचाऐवजी त्यातला एकच तुकडा घेतो: उत्पादकाचा कॅन ओट्यावर आला, तिथपासून दूध बल्क कूलरमध्ये जाईपर्यंत. तुम्हीही असाच एक तुकडा निवडा. एसओपीची पहिली ओळ कुठे सुरू होते आणि शेवटची कुठे संपते, हे आधी एका वाक्यात लिहून ठेवा. कूलरची धुलाई, टँकर भरणं आणि उत्पादकांचं पेमेंट यांच्या वेगळ्या एसओपी होतील. सगळं एकाच कागदात कोंबलं की ते पंचवीस पानी होतं आणि कपाटात जातं.

तोंडी भाग गोळा करणं

सुरुवात फाइलपासूनच करा, पण स्लाइडवर जे दिसतं तेवढ्यावर थांबू नका. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडखालच्या नोट्समध्ये अनेकदा प्रशिक्षकाने स्वतःसाठी लिहिलेली वाक्यं असतात. `File > Export > Create Handouts` वापरून ‘Notes next to slides’ निवडलं, की स्लाइड आणि नोट्स शेजारी-शेजारी वर्डमध्ये येतात. शेजारी आणखी एक रकाना स्वतः जोडा आणि तो रिकामा ठेवा. लपवलेल्या स्लाइड्सही पाहा. मागच्या वर्षीची मर्यादा किंवा जुन्या यंत्राची पद्धत बऱ्याचदा तिथेच पडून असते, आणि ती कोणी का लपवली हे विचारलं की एखादी महत्त्वाची गोष्ट बाहेर येते.

आता प्रशिक्षकाजवळ बसा. प्रत्येक स्लाइडवर तीनच प्रश्न विचारायचे: हे नेमकं कोण करतं, कोणत्या क्षणी करतं, आणि उत्तर वाईट आलं तर पुढे काय करतं. मिळालेली उत्तरं त्या रिकाम्या रकान्यात त्याच्याच शब्दांत लिहा. प्रशिक्षक ‘ते सगळ्यांना माहितीच असतं’ असं म्हणाला, तर तिथे खूण करा. ती जागा हमखास पोकळ निघते.

हे झालं की स्लाइड्सची वाटणी करा. काही मजकूर प्रत्यक्ष कृतीचा असतो. काही मर्यादांचा असतो: तापमान, वेळ, प्रमाण. काही ‘असं का’ याचं स्पष्टीकरण देतो, जसं दुधातले जिवाणू कोमट दुधात किती झपाट्याने वाढतात. उरलेली सजावट असते. एसओपीत फक्त पहिले दोन प्रकार जातात. स्पष्टीकरण स्लाइड्समध्येच राहू द्या, ते शिकवण्यासाठी आहे. कॅन हातात धरून उभ्या असलेल्या माणसाला जिवाणूंचा आलेख नको असतो.

मर्यादा वेगळ्या काढल्या की विसंगती दिसू लागते. एका स्लाइडवर कूलरचं तापमान ४ अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं, दुसरीवर ५, आणि फोटोतल्या डिस्प्लेवर तिसराच आकडा असतो. यातला कोणता खरा हे लिहिणाऱ्याने ठरवायचं नसतं. संघाच्या गुणवत्ता विभागाला लेखी विचारा, आणि उत्तर कोणी, कधी दिलं याची नोंद ठेवा. ‘त्वरित’चंही तसंच. एका वेळच्या संकलनाचं दूध साधारण तीन तासांत ४ अंशांवर आणण्याच्या क्षमतेचे कूलर सर्रास वापरात आहेत. आपल्या कूलरची क्षमता त्याच्या माहितीपत्रकात पाहायची, आणि एसओपीत ‘त्वरित’ऐवजी ‘संकलन संपल्यापासून तीन तासांत ४ अंश’ असं लिहायचं. एवढं लिहिलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: तीन तासांनी डिस्प्ले बघणार कोण? सकाळचं संकलन आटोपून टेस्टर घरी गेलेला असतो.

ओट्यावर उभं राहणं

प्रशिक्षकाचं ऐकून झाल्यावर सकाळचं आणि संध्याकाळचं, दोन्ही संकलन प्रत्यक्ष पाहा. दोन्ही यासाठी, की सकाळी गर्दी असते आणि संध्याकाळी माणसं कमी असतात, त्यामुळे काम वेगवेगळ्या जागी मोडतं. हातात वही असू द्या, पण काय चुकतंय ते बोलू नका. फक्त क्रम टिपा.

आमच्या उदाहरणात स्लाइडचा क्रम आहे: वास, तापमान, चाचण्या, मग वजन. ओट्यावर मात्र मदतनीस कॅनचं झाकण काढतो आणि दूध थेट वजनकाट्याच्या भांड्यात ओततो. टेस्टर त्यातून नमुना घेतो, अॅनालायझरवर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, येतं, पावती निघते आणि दूध कूलरकडे जातं. वास घेतलाच, तर तो भांड्यावर वाकून. एखाद्या उत्पादकाने दोन कॅन आणले असतील आणि त्यातल्या एकाला आंबूस वास असेल, तर वास घेण्याआधीच दोन्ही एक झालेले असतात. नुकसान तिथेच होतं. चाळीस लिटर आंबट दूध हजार लिटरच्या कूलरमध्ये गेलं, तर ते परत काढता येत नाही.

दुसरी गोष्ट सीओबी, म्हणजे ‘क्लॉट ऑन बॉइलिंग’ चाचणीची. यात परीक्षानळीत साधारण ५ मिलि दूध घेऊन ती उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवतात. दूध फाटलं तर त्यातली आम्लता इतकी वाढलेली असते की ते उष्णता सोसणार नाही. चाचणी चांगलीच आहे, पण हिशेब करून पाहा. साठ उत्पादक आणि प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे एकामागून एक करायचं तर पाच तास. पाण्यात एका वेळी सहा-आठ नळ्या ठेवता येतात हे खरं, पण तोवर त्या प्रत्येकाचं दूध बाजूला ठेवायला जागा हवी आणि रांगेतल्या माणसाला थांबवून ठेवण्याची ताकद हवी. त्यामुळे स्लाइडवर ‘चाचणी घ्यावी’ असं असूनही ती कुणाचीच होत नाही, आणि रजिस्टरमध्ये मात्र सगळीकडे एकाच पेनाने ‘निगेटिव्ह’ लिहिलेलं असतं.

अशी जागा सापडली की तिच्यावर पडदा टाकू नका. न जमणारी पायरी एसओपीत जशीच्या तशी उतरवली तर आपण खोट्या नोंदींचा नमुना छापून देतो. इथे वाट निघते. अल्कोहोल चाचणीत दूध आणि ६८ टक्के तीव्रतेचं अल्कोहोल समप्रमाणात मिसळून कण दिसतात का ते पाहतात, आणि त्याला काही सेकंदच लागतात. म्हणून अल्कोहोल चाचणी प्रत्येक कॅनची, आणि तिच्यात कण दिसले किंवा वास संशयास्पद असला तरच सीओबी. यात एक अडचण आहे. नुकत्याच व्यायलेल्या गाईचं किंवा कासदाह झालेल्या जनावराचं दूध आंबट नसतानाही अल्कोहोलमध्ये कण दाखवू शकतं. म्हणजे ‘अल्कोहोल पॉझिटिव्ह, सीओबी निगेटिव्ह’ अशा दुधाचं काय करायचं, हा निर्णय लिहावाच लागतो. आमच्या उदाहरणात गुणवत्ता विभागाने ठरवलं की असं दूध त्या वेळी घ्यायचं नाही आणि उत्पादकाला जनावराची तपासणी करून घ्यायला सांगायचं. दुसरा संघ वेगळं ठरवेल. काय ठरलं ते कागदावर असलं म्हणजे झालं.

कर्ता नसलेली वाक्यं

स्लाइडची भाषा आणि सरकारी परिपत्रकाची भाषा सख्ख्या बहिणी आहेत. ‘तपासण्यात यावे’, ‘नोंद घेण्यात यावी’, ‘काळजी घ्यावी’. या वाक्यांत कर्ता नसतो, त्यामुळे ते काम ओट्यावरच्या तिघांपैकी कुणाचंही असतं. एसओपीत प्रत्येक पायरीची सुरुवात पदाच्या नावाने करा, एका पायरीत एकच कृती ठेवा आणि क्रियापद असं निवडा की ती कृती लांबून उभं राहूनही दिसेल. ‘दर्जाची खात्री करतो’ हे दिसत नाही. ‘झाकण काढून वास घेतो’ हे दिसतं.

वरच्या एका स्लाइडचं रूपांतर झाल्यावर ते असं दिसतं:

१. मदतनीस कॅन ओट्यावर घेतो आणि झाकण काढतो. दूध ओतत नाही.
२. टेस्टर प्रत्येक कॅनचा वास घेतो, रंग पाहतो आणि दुधात कचरा किंवा गुठळ्या आहेत का ते बघतो. दूध चाखत नाही.
३. मदतनीस प्लंजरने कॅनमधलं दूध तळापासून वर असं ढवळतो.
४. टेस्टर परीक्षानळीत ५ मिलि दूध आणि ५ मिलि ६८ टक्के अल्कोहोल घेतो, नळी उलटी-सुलटी करून मिसळतो आणि नळीच्या काचेवर कण आहेत का ते पाहतो.
५. कण नसतील आणि पायरी २ मध्ये काही वावगं नसेल, तर टेस्टर ‘घ्या’ म्हणतो. त्यानंतरच मदतनीस दूध वजनकाट्याच्या भांड्यात ओततो.
६. कण असतील किंवा वास संशयास्पद असेल, तर मदतनीस कॅनवर लाल पट्टी लावून तो ओट्याच्या डाव्या बाजूला ठेवतो. टेस्टर सीओबी चाचणी लावतो. रांग पुढे चालू राहते.
७. सीओबीत दूध फाटलं, तर टेस्टर नकाराची पावती लिहितो: तारीख, उत्पादक क्रमांक, लिटर, कारण. दूध त्याच कॅनमध्ये उत्पादकाला परत जातं.
८. सीओबीत दूध फाटलं नाही, तर टेस्टर केंद्रप्रमुखाला बोलावतो. पायरी ४ मध्ये कण दिसले असतील तर केंद्रप्रमुख दूध परत करतो आणि पावतीवर ‘जनावर तपासणी’ लिहितो. शंका फक्त वासाची असेल तर तो स्वतः वास घेऊन निर्णय देतो आणि नोंदवहीत सही करतो.
९. घेतलेल्या दुधाचं वजन झाल्यावर टेस्टर भांड्यातून नमुना घेऊन अॅनालायझरवर लावतो. फॅट, एसएनएफ आणि लिटर असलेली पावती उत्पादकाच्या हातात देतो.
१०. मदतनीस दूध गाळणीतून कूलरमध्ये सोडतो.

मूळ स्लाइडच्या सहा ओळींच्या दहा पायऱ्या झाल्या, आणि त्यातल्या तीन नुसत्या ‘वाईट आलं तर काय’ याच्या आहेत. हे प्रमाण असंच येतं. तुमच्या मसुद्यात अशा पायऱ्या जवळजवळ नसतील, तर तुम्ही अजून स्लाइडच लिहीत आहात.

पायरी २ मधलं ‘दूध चाखत नाही’ हे वाक्य मुद्दाम घातलं आहे. काही जुन्या संचांत ‘वास व चव’ असं एकत्र लिहिलेलं असतं. कच्चं दूध रोज साठ वेळा तोंडाला लावणं कर्मचाऱ्याच्या आरोग्यासाठी धोक्याचं आहे. जिथे चुकीची सवय आधीच रुजलेली आहे, तिथे काय करायचं नाही हेही लिहावं. इतरत्र नकारार्थी वाक्यं टाळलेली बरी.

जबाबदारीचा तक्ता

पायऱ्यांत पदांची नावं आली, म्हणून जबाबदारी ठरली असं नाही. काम करणारा वेगळा, त्या कामाबद्दल जाब देणारा वेगळा, आणि फक्त कळवायचं असा माणूस आणखी वेगळा. हे एका छोट्या तक्त्यात मांडा. तक्ता पायऱ्यांचा न करता निर्णयांचा करा, म्हणजे तो एका पानात मावतो.

| काम किंवा निर्णय | करणारा | जाब देणारा | कळवायचं |
|---|---|---|---|
| दूध घेणं | टेस्टर | केंद्रप्रमुख | – |
| सीओबीत फाटलेलं दूध नाकारणं | टेस्टर | केंद्रप्रमुख | संघाचा पर्यवेक्षक, त्याच दिवशी |
| अॅनालायझरची नोंद हाताने बदलणं | केंद्रप्रमुख | संघाचा पर्यवेक्षक | उत्पादक, लगेच |
| कूलर तीन तासांत ४ अंशांवर आला का ते पाहणं | कूलर ऑपरेटर | केंद्रप्रमुख | – |
| तापमान वेळेत उतरलं नाही तर पुढचा निर्णय | केंद्रप्रमुख | गुणवत्ता अधिकारी | टँकर नियोजन |

तिसऱ्या रकान्यात प्रत्येक ओळीला एकच नाव असलं पाहिजे. ‘केंद्रप्रमुख व पर्यवेक्षक संयुक्तपणे’ असं लिहायचा मोह होतो, विशेषतः मंजुरीच्या बैठकीत कुणाला दुखवायचं नसतं तेव्हा. ती ओळ तिथेच मेली असं समजा.

टेस्टरकडे दूध नाकारण्याचं काम द्यायचं आणि अधिकार मात्र द्यायचा नाही, ही सर्रास दिसणारी गोष्ट आहे. चेअरमनच्या भावाचं दूध फाटलं तर टेस्टर केंद्रप्रमुखाकडे बघतो, केंद्रप्रमुख दुसरीकडे बघतो आणि दूध आत जातं. म्हणून पायरी ७ मध्ये सीओबीत फाटलेल्या दुधाच्या बाबतीत कुणाचीही परवानगी ठेवलेली नाही. चाचणीचा निकाल स्पष्ट असेल तर निर्णय करणाऱ्याच्याच हातात. संदिग्ध असेल तरच वर जायचं.

‘आमच्याकडे दोनच माणसं आहेत, पाच पदं कुठून आणू?’ हा प्रश्न छोट्या केंद्रांवर नक्की येतो. पदं कमी करू नका. एका माणसाकडे दोन पदं द्या आणि ते केंद्राच्या वेगळ्या पानावर नावानिशी लिहा, सोबत रजेवर असताना बदली कोण हेही. मुख्य एसओपीत व्यक्तीचं नाव कधीच नको, नाहीतर माणूस बदलला की कागद शिळा. एक बंधन मात्र ठेवा: जो मोजतो त्याच्याकडेच नोंद हाताने बदलण्याचं काम नको. उत्पादकाचे पैसे फॅट-एसएनएफवरच ठरतात, आणि महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून बोलला जातो. एखादा पॉइंट इकडे-तिकडे झाला की भांडण उभं राहतं. दोनच माणसं असतील, तर दुसऱ्याची सही हवी.

वीज गेली तर

स्लाइड्समध्ये सगळं सुरळीत चाललेलं असतं. एसओपीत निदान तीन बिघाड लिहा: वीज जाणं, अॅनालायझर बंद पडणं आणि कूलरचं तापमान न उतरणं. प्रत्येकासाठी तीन गोष्टी पुरतात: कोणत्या खुणेवरून बिघाड मानायचा, पहिली कृती कुणाची, आणि किती वेळानंतर वर कळवायचं. ‘वीज गेल्यावर कूलर ऑपरेटर जनरेटर सुरू करतो. १५ मिनिटांत सुरू झाला नाही, तर केंद्रप्रमुखाला फोन करतो आणि दर अर्ध्या तासाला दुधाचं तापमान लिहितो.’ यातले आकडे उदाहरणादाखल आहेत. आपले आकडे कूलरचा आवरणथर किती वेळ गारवा धरतो ते प्रत्यक्ष पाहून ठरवा. संध्याकाळचं कोमट दूध सकाळच्या गार दुधात पडलं की काही वेळ तापमान वर चढतंच. ही नेहमीची चढ कितीपर्यंत चालेल आणि बिघाड कुठून सुरू होतो, हेही लिहा. नाहीतर ऑपरेटर रोज घाबरेल किंवा कधीच घाबरणार नाही.

नवख्याच्या हाती देणं

मसुदा तयार झाला की तो ज्याने प्रशिक्षण घेतलेलं नाही अशा माणसाला द्या. शेजारच्या केंद्रावरचा नवा मदतनीस चालेल. त्याने कागद वाचत काम करायचं, प्रशिक्षकाने शेजारी उभं राहून गप्प बसायचं. तो जिथे थांबतो, मागे बघतो किंवा ‘आता?’ विचारतो, तिथे पायरी अपुरी आहे. आमच्या दहा पायऱ्यांत अशी जागा पायरी ६ होती. लाल पट्टी कुठे ठेवलेली असते हे लिहिलंच नव्हतं, आणि त्या केंद्रावर पट्टी नव्हतीही. कागदात लागणारी प्रत्येक वस्तू ओट्यावर आहे का, याची यादी करून ती आधी पुरवा. ६८ टक्के अल्कोहोल कोण तयार करून पाठवतो आणि बाटलीवर तारीख कोण घालतो, हेही त्याच यादीत येतं. बाटली उघडी राहिली की अल्कोहोल उडून तीव्रता उतरते, आणि मग कमअस्सल दूधही पास होतं.

मंजुरीनंतर पहिल्या पानावर क्रमांक, आवृत्ती, लागू होण्याची तारीख आणि मंजूर करणाऱ्याची सही. जुनी आवृत्ती केंद्रावरून प्रत्यक्ष काढून आणा. नुसतं ‘रद्द’ असं कळवून ती जात नाही. ओट्यासमोर भिंतीवर फक्त दहा पायऱ्यांचा लॅमिनेट केलेला तक्ता लावा, कारण पाण्याच्या शिंतोड्यांत फाइल टिकत नाही.

स्लाइड्स टाकून द्यायच्या नाहीत. त्यातली पायऱ्यांची स्लाइड काढून तिथे एसओपीचा क्रमांक लिहा आणि ‘असं का’चा भाग तसाच ठेवा. नवा अॅनालायझर आला, कूलर बदलला, अल्कोहोलची तीव्रता बदलली किंवा टँकर परत आला, तर वर्ष संपायची वाट न पाहता एसओपी उघडायची. बदल झाला तर भिंतीवरचा तक्ता, एसओपी आणि स्लाइड, तिन्ही एकाच दिवशी बदलायचे. हे काम गुणवत्ता अधिकाऱ्याचं, आणि जबाबदारीच्या तक्त्यात त्याचीही एक ओळ घाला.